उत्तर न आलेलं पेमेंट

एखाद्या दूध संघाचं उदाहरण घेऊ. दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात आणि संघाच्या संगणकातून बँकेच्या सर्व्हरकडे पेमेंटच्या विनंत्या एकामागून एक जातात. त्यातली एक ४,३५० रुपयांची. तीस सेकंद उलटले तरी बँकेकडून होकार नाही की नकार नाही. प्रोग्राम वाट पाहायचं थांबवतो आणि पडद्यावर ‘टाइमआउट’ उमटतं.

पेमेंट फसलं, असा याचा अर्थ पुष्कळदा लावला जातो आणि घोटाळा तिथेच होतो. विनंती बँकेपर्यंत पोहोचलीच नसेल. पोहोचून पैसे जमाही झाले असतील, फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. किंवा समोरच्या बँकेकडे काम अजून चालूच असेल. संघाच्या संगणकाला या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. अशा वेळी प्रोग्रामने तीच रक्कम नव्याने पाठवली, तर उत्पादकाच्या खात्यात ८,७०० रुपये पडू शकतात. जादा पैसे परत मिळवायचे म्हणजे पुढच्या बिलातून कापायचे. तोवर त्याने संघाला दूध घालणं बंद केलं असेल, तर ते बुडालेच म्हणायचे.

म्हणून चांगला डेव्हलपर विनंती पाठवण्याआधीच आपल्या डेटाबेसमध्ये तिची नोंद करतो. प्रत्येक पेमेंटला स्वतःचा, पुन्हा कधीही न वापरला जाणारा संदर्भ क्रमांक देतो आणि तोच बँकेलाही कळवतो.

```
ref: DS-0611-0412
amount: 4350.00
status: PENDING
```

आधी पाठवून मग नोंद केली आणि मधेच वीज गेली, तर पैसे पाठवल्याचा मागमूसही उरत नाही. नोंद आधीच असेल, तर पुन्हा सुरू झालेल्या प्रोग्रामला हे `PENDING` दिसतं आणि काही पाठवण्याआधी चौकशी करायची आहे, हे त्याला कळतं.

ही चौकशी म्हणजे ‘या क्रमांकाच्या व्यवहाराचं काय झालं’ एवढंच विचारणारी वेगळी विनंती. ती पैसे हलवत नाही, त्यामुळे तिलाच टाइमआउट झाला तरी बिघडत नाही, पुन्हा विचारता येतं. ‘यशस्वी’ असं उत्तर आलं की विषय संपला. ‘अयशस्वी’ असं ठाम उत्तर आलं तरच नवं पेमेंट काढायचं, आणि ते जुन्या नोंदीशी जोडून ठेवायचं. ‘प्रलंबित’ असेल तर थांबायचं.

खरी कसोटी लागते ती ‘असा व्यवहार सापडला नाही’ या उत्तराच्या वेळी. ते नकारासारखं वाटतं, पण मूळ विनंती कुठल्या तरी रांगेत अडकून उशिरा पोहोचणार असेल, तर आत्ता ती बँकेला दिसणारच नाही. इथे थोडं थांबून पुन्हा विचारावं. तरीही सापडली नाही, तर आधीच्याच क्रमांकाने पाठवावं. मात्र एकाच क्रमांकाची दुसरी विनंती बँक नाकारते, याची खात्री आधी करून घेतलेली हवी. मग रेंगाळलेली पहिली विनंती नंतर अवतरली तरी पैसे एकदाच जातात. नवा क्रमांक दिला की हे संरक्षण गेलं.

चौकशीलाही मर्यादा लागते. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय देशभर कित्येक तास अडखळलं, तेव्हा काही बँकांकडून होणाऱ्या अशा चौकश्यांचा पूर हे त्यामागचं कारण असल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर एनपीसीआयने बँकांना मर्यादा घालून दिली: पहिली चौकशी ९० सेकंदांनंतर आणि एकूण तीनच, त्याही शक्यतो दोन तासांच्या आत. दर सेकंदाला विचारणारा प्रोग्राम आधीच दमलेल्या सर्व्हरवर आणखी भार टाकतो आणि ज्या उत्तरासाठी तो ताटकळतो आहे, तेच लांबवतो. प्रत्येक चौकशीनंतर थांबण्याचा वेळ वाढवत नेणं शहाणपणाचं.

तीन चौकश्यांनंतरही उत्तर नसेल, तर `PENDING` तसंच ठेवावं. यूपीआयमध्ये पैसे पाठवणाऱ्याच्या खात्यातून गेलेले असतात आणि घेणाऱ्याची बँक मात्र उत्तर देत नाही, असं होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार, एका खात्यातून दुसऱ्या खात्याकडे निघालेले असे पैसे जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला १०० रुपये भरपाई मिळते. त्यामुळे घाईने दुसरं पेमेंट काढण्यापेक्षा सकाळी बँकेचं स्टेटमेंट घेऊन ४,३५०ची नोंद आहे का, ती उलटली आहे का, हे संदर्भ क्रमांकावरून ताडून पाहणं केव्हाही बरं.

तोवर संघाच्या कारकुनाच्या पडद्यावर त्या नावापुढे ‘पुन्हा पाठवा’ हे बटण दिसूच नये. ‘बँकेकडून खात्री व्हायची आहे’ एवढी ओळ आणि संदर्भ क्रमांक पुरे. उत्पादक विचारायला आला, तर तोच क्रमांक कागदावर लिहून देता येतो.