बटण कोणतं लावायचं?

२००७ च्या डिसेंबरमध्ये बराक ओबामा अजून स्वतःच्या पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठीच झगडत होते. त्यांच्या संकेतस्थळावर येणाऱ्यांना सुरुवातीलाच एक पान दिसे. त्यावर एक चित्र किंवा चित्रफीत, ई-मेल लिहिण्याची जागा आणि खाली एक बटण असे. ई-मेल मिळाला की पुढे त्या माणसाकडे देणगी मागता येई, स्वयंसेवक म्हणून बोलावता येई. त्यामुळे प्रचाराचं बरंच काही या एका पानावर अवलंबून होतं.

गूगलमधून प्रचारात आलेल्या डॅन सिरोकर यांनी या पानाची परीक्षा घेतली. बटणावर चार मजकूर आलटून पालटून ठेवले: ‘साइन अप’, ‘साइन अप नाऊ’, ‘जॉइन अस नाऊ’ आणि ‘लर्न मोअर’. वर तीन चित्रं आणि तीन चित्रफिती. अशा २४ जोड्या झाल्या आणि ३,१०,३८२ पाहुण्यांना त्या वाटून दाखवल्या, म्हणजे प्रत्येक जोडी सुमारे १३ हजार जणांनी पाहिली. प्रचारातल्या मंडळींची पसंती एका चित्रफितीला होती, पण सगळ्या चित्रफिती चित्रांपेक्षा मागे पडल्या. जिंकली ती ओबामांच्या कुटुंबाचं छायाचित्र आणि ‘लर्न मोअर’ ही जोडी. मूळ पानावर १०० पैकी ८.२६ जण ई-मेल देत होते, आता ११.६ देऊ लागले. नुसतं बटण पाहिलं तर ‘साइन अप’पेक्षा ‘लर्न मोअर’ला १८.६ टक्के जास्त यश मिळालं. ‘साइन अप’ला ‘नाऊ’ची घाई जोडली, तेव्हा आकडा किंचित घसरलाच. या एका बदलामुळे प्रचाराला सुमारे सहा कोटी डॉलर जास्त मिळाले, असा सिरोकर यांचा अंदाज आहे.

हा प्रयोग गाजला आणि त्यातून अनेकांनी सोपा धडा घेतला: सगळीकडे ‘लर्न मोअर’ लावा. हा धडा चुकीचा आहे. उमेदवार तेव्हा अनेकांना नवा होता, लोकांना आधी त्याची ओळख करून घ्यायची होती. आणि मोजमाप निव्वळ क्लिकचं नव्हतं, किती ई-मेल हाती आले याचं होतं. या दोन गोष्टी सोडल्या तर या प्रयोगातून काहीच शिकता येत नाही.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात देणाऱ्या छोट्या व्यावसायिकांपुढे हाच प्रश्न रोज येतो. तिथे बटणावर मनासारखा मजकूर लिहिता येत नाही, ठरलेल्या यादीतूनच निवडावा लागतो. त्यात ‘लर्न मोअर’, ‘शॉप नाऊ’ आणि ‘गेट कोट’ ही तीन बटणं पुन्हा पुन्हा समोर येतात. प्रत्येक बटण पुढच्या पानावर काय मिळेल याचा शब्द देतं. ‘लर्न मोअर’ म्हणजे वाचायला, समजून घ्यायला काही आहे. ‘शॉप नाऊ’ म्हणजे वस्तू, किंमत आणि पैसे भरायची सोय समोर आहे. ‘गेट कोट’ म्हणजे माझ्या गरजेनुसार कोटेशन मिळणार आहे. हा शब्द पाळला गेला नाही की ग्राहक निघून जातो, आणि क्लिकचे पैसे मात्र गेलेले असतात.

येवल्याच्या पैठणीचं उदाहरण घेऊ. समजा, विक्रेत्याने बारा हजारांच्या पैठणीची एकच जाहिरात दोन बटणांनी चालवली आणि प्रत्येकीवर ५,००० रुपये खर्च केले. ‘लर्न मोअर’वर ५०० क्लिक आले आणि ६ साड्या विकल्या गेल्या. ‘शॉप नाऊ’वर ३०० क्लिक आले आणि ९ साड्या गेल्या. क्लिक पाहिले तर पहिलं बटण जिंकलं. पण एका विक्रीमागे जाहिरातीचा खर्च पहिल्यात ८३३ रुपये आला, दुसऱ्यात ५५६. ‘शॉप नाऊ’ हे शब्द वाचून नुसते बघे आधीच गळाले, आणि जे आले ते घ्यायच्या विचाराने आले.

तरीही इथे लगेच निकाल देऊ नये. सहा आणि नऊ यांतला फरक योगायोगानेही पडू शकतो. खर्च सारखा असेल तर एक ढोबळ हिशोब उपयोगी पडतो: दोन्हीकडच्या विक्रीची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, आणि फरक त्याहून मोठा आहे का ते पाहा. इथे बेरीज १५, वर्गमूळ जवळपास ४, दुप्पट ८. फरक फक्त ३. म्हणजे अजून थांबायला हवं. हेच आकडे ६० आणि ९० असते तर बेरीज १५०, वर्गमूळ सुमारे १२, दुप्पट २४ आणि फरक ३०. मग ‘शॉप नाऊ’ खात्रीने निवडता आलं असतं. या काळात चित्र, किंमत किंवा मजकूर बदलला तर फरक कशामुळे पडला हे कळणारच नाही.

‘शॉप नाऊ’ची एक नेहमीची चूक म्हणजे जाहिरातीत जांभळी पैठणी दाखवायची आणि बटण दाबल्यावर दुकानाचं मुखपृष्ठ उघडायचं. तिथे दोनशे साड्यांमधून ती जांभळी शोधत कोण बसेल? नेमकं तेच पान उघडायला हवं, आणि त्यावर किंमत व घरपोच यायला लागणारे दिवस दिसायला हवेत.

छतावर सौर पॅनेल बसवून देणाऱ्याचं गणित वेगळं असतं. छत केवढं, वीजबिल किती, सावली पडते का, यावर खर्च ठरतो. एकच किंमत छापता येत नाही, म्हणून ‘गेट कोट’ इथे शोभतं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला कमाल ७८,००० रुपये अनुदान असल्याने अनेकांना आपला हिशोब जाणून घ्यायचाही असतो. मात्र फेसबुकच्या आतच उघडणाऱ्या फॉर्ममध्ये नाव आणि फोन नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरला जातो. दोन टिचक्यांत फॉर्म जातो, त्यामुळे चौकशा भराभर येतात. पण त्यांत जुने नंबर असतात आणि ‘मी कधी भरला फॉर्म?’ असं विचारणारेही असतात. यावर उपाय म्हणजे पाठवण्यापूर्वी माहिती पुन्हा तपासायला लावणारा फॉर्मचा प्रकार निवडणं, आणि स्वतःचे दोन प्रश्न घालणं: महिन्याचं बिल किती? छत स्वतःच्या मालकीचं आहे का? चौकशा कमी होतील, पण एका चौकशीच्या खर्चापेक्षा प्रत्यक्ष जागा पाहायला जाण्यापर्यंत पोचलेल्या एका ग्राहकाचा खर्च मोजायचा. आणि फोन केल्यावर किमान अंदाजे आकडा सांगायलाच हवा. कोटेशन देतो म्हणून बोलावलं आणि ‘आमचा माणूस येऊन सांगेल’ एवढंच ऐकवलं, तर ग्राहकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्तच आहे.

बटणाचा मजकूर बदलता येत नसला तरी त्याच्या शेजारचं शीर्षक आपलंच असतं. ‘दर्जेदार सेवा, वाजवी दर’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘दोन हजारांच्या बिलाला किती किलोवॅट लागतील?’ असं लिहिलं की ‘गेट कोट’ला अर्थ येतो. मोबाइलवर लांब शीर्षक कापलं जातं, म्हणून कामाचा शब्द आधी यावा.

बटणाहून मोठी निवड मात्र जाहिरात सुरू करतानाच होते, ती म्हणजे उद्दिष्टाची. ‘ट्रॅफिक’ निवडलं की यंत्रणा क्लिक करणारी माणसं शोधते. ‘सेल्स’ निवडलं आणि संकेतस्थळावर खरेदीची नोंद घेणारा पिक्सेल बसवला की खरेदीची शक्यता असलेली शोधते. ट्रॅफिकच्या जाहिरातीवर ‘शॉप नाऊ’ लावून विक्रीची वाट पाहणारे पुष्कळ असतात. क्लिक भरपूर, पण पान उघडल्याच्या नोंदी फारच कमी असतील, तर दोष बटणाचा नसून पान उघडायला वेळ लागतो आहे. पान उघडतं पण कोणी वस्तू टोपलीत टाकत नाही, तर किंमत किंवा पानावरची माहिती तपासावी.

नव्या, अनोळखी गोष्टीसाठी ‘लर्न मोअर’, ठरलेल्या किमतीच्या वस्तूसाठी ‘शॉप नाऊ’, मोजमाप घेऊन भाव ठरणाऱ्या कामासाठी ‘गेट कोट’ अशी सुरुवात करावी. पैसे भरण्यापूर्वी स्वतःच्या मोबाइलवर ते बटण एकदा दाबून पाहावं, आणि बटणाने कबूल केलेली गोष्ट पहिल्याच पडद्यावर दिसत नसेल तर जाहिरात सुरू करू नये.