जाताना आठ तास, येताना पस्तीस

दिवाळीला घरी येणाऱ्या मुलाचं तिकीट आता पोस्टाने येत नाही, व्हॉट्सॲपवर फोटो येतो. संगमनेरच्या एका घरात असा फोटो आला आहे असं समजू. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला नोकरीला, वाटेत दुबईला विमान बदलायचं आणि मुंबईला उतरायचं. पुढच्या वेळा नमुन्यादाखल घेतल्या आहेत, पण या मार्गाचं खरं तिकीटही साधारण असंच दिसतं.

येताना: ३० ऑक्टोबर २०२६, शुक्रवार, सॅन फ्रान्सिस्कोहून १५:४० ला निघणार, दुबईला ३१ तारखेला १८:२५ ला पोचणार, तिथून २२:०५ ला निघून मुंबईला १ नोव्हेंबरला ०२:३० वाजता. परत जाताना: २० नोव्हेंबरला मुंबईहून ०४:१० ला निघणार, दुबईला ०५:५०, तिथून ०८:५० ला निघून सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी १२:३५ ला.

आता नुसत्या छापील वेळांची वजाबाकी करा. येताना शुक्रवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास निघालेला मुलगा रविवारी पहाटे अडीचला उतरतो, म्हणजे ३४ तास ५० मिनिटं. जाताना पहाटे चार दहाला निघून दुपारी १२:३५ ला पोचतो, म्हणजे ८ तास २५ मिनिटं. तोच रस्ता, तशीच विमानं, वाटेतला थांबाही साधारण तेवढाच. आणि फरक सव्वीस तास पंचवीस मिनिटांचा! आठ तासांत अमेरिका गाठता येत असेल तर संगमनेरहून नागपूरला एसटीने जाणारा माणूस कपाळावर हात मारून घेईल.

यातला एकही आकडा खरा प्रवास सांगत नाही, कारण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाच्या भिंतीवरच्या घड्याळाची असते. एकाच ओळीत शेजारी शेजारी छापलेल्या दोन वेळा दोन वेगळ्या घड्याळांच्या असतात, आणि वजाबाकी करायची तर दोन्ही एका घड्याळावर आणाव्या लागतात.

त्यासाठी सगळ्यात सोपं घड्याळ म्हणजे ग्रिनिचशी जोडलेली जागतिक वेळ. भारतातल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे, दुबईच्या वेळेतून चार. सॅन फ्रान्सिस्को ग्रिनिचच्या मागे आहे, म्हणून तिथल्या वेळेत ३० ऑक्टोबरला सात तास मिळवायचे. शुक्रवारचे १५:४० म्हणजे जागतिक वेळेनुसार २२:४०. मुंबईतले १ तारखेचे ०२:३० म्हणजे ३१ तारखेचे २१:००. मधलं अंतर २२ तास २० मिनिटं. हा झाला येतानाचा खरा प्रवास. टप्प्याटप्प्याने ताळा करून पाहता येतो: पहिलं विमान १५ तास ४५ मिनिटं, दुबईत थांबा ३ तास ४० मिनिटं, दुसरं विमान २ तास ५५ मिनिटं. बेरीज बरोबर २२ तास २०. थांब्याचा हिशेब मात्र सरळ वजाबाकीने होतो, कारण दोन्ही वेळा दुबईच्याच आहेत.

जातानाचा हिशेब करताना चांगले चांगले हुशार लोक चुकतात. येताना भारत आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात साडेबारा तासांचा फरक होता, तोच धरून ८:२५ मध्ये १२:३० मिळवले की २० तास ५५ मिनिटं येतात. उत्तर पटण्यासारखं वाटतं, पण ते एका तासाने चुकलेलं आहे. अमेरिकेच्या बहुतेक भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. २०२६ मध्ये तो रविवार नेमका १ नोव्हेंबर. कॅलिफोर्नियात पहाटेचे दोन वाजतात आणि काटा पुन्हा एकवर जातो. तेव्हा संगमनेरात दुपारचे अडीच वाजलेले असतात. त्याच दिवशी पहाटे अडीचला मुंबईत उतरलेला मुलगा जेवून झोपलेला असेल, आणि तो झोपेत असताना त्याच्या परतीच्या तिकिटाचं गणित बदलेल. आता फरक साडेतेरा तासांचा. ८:२५ अधिक १३:३० म्हणजे २१ तास ५५ मिनिटं. टप्प्यांची बेरीजही तेवढीच: ३:१०, थांबा ३:००, आणि १५:४५.

येणं-जाणं मिळून खरा प्रवास झाला ४४ तास १५ मिनिटांचा. आता तिकिटावरच्या दोन फसव्या आकड्यांची बेरीज करा: ३४:५० अधिक ८:२५ म्हणजे ४३:१५. इतके वेडेवाकडे आकडे, पण बेरीज खऱ्याच्या अगदी जवळ! कारण येताना घड्याळांच्या फरकाने जेवढं वाढवून दाखवलं तेवढंच जाताना कमी करून दाखवलं, आणि दोन्ही एकमेकांत वळते झाले. राहिला तो एक तास, १ नोव्हेंबरचा. कॅलिफोर्नियाने तो त्या पहाटे सगळ्यांना जादा दिला, पण हा मुलगा तो घ्यायला तिथे नव्हता. दोन्ही प्रवास एकाच ऋतूत असते तर कोणत्या देशाची वेळ किती मागे-पुढे हे ठाऊक नसतानाही दोन आकड्यांची सरासरी काढून एका बाजूचा प्रवास सांगता आला असता.

चूक झाली की नाही हे ओळखायला एक कसोटी आहे: वेग काढून बघायचा. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर साधारण १३,००० किलोमीटर. तिकिटावर ०८:५० ते १२:३५ असे पावणेचार तास दिसतात. तेच खरे मानले तर विमानाचा वेग ताशी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर होतो. प्रवासी विमानांत सगळ्यांत वेगवान समजलं जाणारं, आणि आता बंद झालेलं काँकॉर्डही ताशी २,१८० किलोमीटरच्या आसपास जायचं. १५ तास ४५ मिनिटं धरली तर वेग सव्वाआठशे येतो आणि तो बरोबर बसतो. लांब पल्ल्याच्या विमानाचा सरासरी वेग ताशी आठशे ते नऊशेच्या घरात असतो. छापील वेळेत धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याची मिनिटंही धरलेली असतात, म्हणून छोट्या टप्प्यावर तो आणखी कमी दिसतो. मात्र या कसोटीलाही मर्यादा आहे. बारा तासांची चूक ती लगेच पकडते, पण एका तासाची तिच्या हातून निसटते. एक तास कमी धरला तर वेग येतो सुमारे ८८०, आणि तोही खराच वाटतो. तिथे तारीखच बघावी लागते.

एवढा गोंधळ पृथ्वीच्या फिरण्यामुळे होतो. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. त्यामुळे आपल्या एका जिल्ह्यातही खरी दुपार एकाच क्षणी होत नाही: जामखेडच्या डोक्यावर सूर्य येतो त्यानंतर सुमारे सहा मिनिटांनी तो अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर येतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते, आणि अहिल्यानगर शहर पावणेपंचाहत्तर अंशांच्या आसपास आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने शहराचं घड्याळ वर्षाच्या सरासरीने एकतीस मिनिटं पुढे धावतं. रेल्वे आली तेव्हा हा प्रश्न आपल्याकडेही होता. मुंबईची स्थानिक वेळ आणि रेल्वे पाळत असे ती मद्रासची वेळ यांत तीस मिनिटांचा फरक होता. १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईतल्या काही घड्याळांनी जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. तेव्हा गाडी चुकायला परदेशी जाण्याची गरज नव्हती.

लांब पल्ल्यावर हीच मिनिटं साठत जाऊन अख्खा दिवस गिळतात. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं थेट सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू विमान केवळ महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणलं. वेळापत्रकात निघण्याची वेळ होती ९ जानेवारी, रात्री साडेआठ. पोचण्याची ११ जानेवारी, पहाटे पावणेचार. घड्याळं सांगतात ३१ तास १५ मिनिटं. हिवाळा असल्याने साडेतेरा तास वजा केले की उरतात १७ तास ४५ मिनिटं. १० जानेवारी ही तारीख त्या प्रवाशांनी जमिनीवर पाहिलीच नाही.

गणित आलं तरी फोटो फसवतो. पोचण्याच्या वेळेच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘+1’ किंवा ‘+2’ असतं. फोटो कापताना नेमकं तेच जातं आणि एक दिवस कमी मोजला जातो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ‘11/01’ म्हणजे तिथे १ नोव्हेंबर आणि आपल्याकडे ११ जानेवारी. चोवीस तासांऐवजी बारा तासांचं घड्याळ असेल तर १२:३५ च्या पुढचं ‘AM’ की ‘PM’ हे मोठं करून बघावं लागतं, कारण AM म्हणजे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. आणि शहराच्या नावापेक्षा तीन अक्षरी कोड पाहावा: सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे (SJC) आणि कोस्टा रिकातही (SJO), आणि दोन्हींची वेळ एक नाही.

प्रवासाचे तास चुकले तर फार तर घरी चर्चा होते. तारीख चुकली की माणूस विमानतळावर एकटा उभा राहतो. आपल्या तिकिटावर मुंबईचं उतरणं आहे १ नोव्हेंबर, ०२:३०. रविवार दिसतो म्हणून घरचे रविवारी रात्री जेवून गाडी काढतात आणि मुंबईला पोचतात तेव्हा मुलाला उतरून चोवीस तास झालेले असतात. ०२:३० म्हणजे शनिवारची रात्र सरतानाचे अडीच. पासपोर्टची रांग आणि सामान धरून तो चारच्या आसपास बाहेर येईल. संगमनेरहून मुंबईला पाच-सहा तास धरले, तर गाडी शनिवारी, ३१ ऑक्टोबरला, रात्री दहाच्या आत निघायला हवी.