वजीर विरुद्ध हत्ती

पटावर एकाकडे फक्त वजीर आणि दुसऱ्याकडे फक्त हत्ती उरला, तर वजीर बहुतेक वेळा जिंकतो, पण ५० चालींच्या आत. १९७०च्या दशकात अमेरिकी ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांना ‘बेल’ या संगणकाविरुद्ध पहिल्या प्रयत्नात हे जमले नव्हते.

अडवतो तो तिसऱ्या ओळीतला हत्ती. समोरच्या राजाला तो पुढे येऊ देत नाही. ती भिंत मोडली की फिलिदोरची स्थिती गाठायची: पांढरा राजा सी६, वजीर ए५, काळा राजा बी८, हत्ती बी७. चाल काळ्याची असेल तर हत्तीला राजापासून दूर जावेच लागते. तो बी१ला गेला, तर वजीर डी८, डी४, एच८, एच७ असे शह देत हत्ती टिपतो. चाल पांढऱ्याची असेल तर ई५ आणि ए१वर शह देत वजीर पुन्हा ए५ला येतो आणि पाळी काळ्यावर ढकलतो.

म्हणून नुसता हत्ती समोर असेल तर खेळत राहावे. पण काळ्याचे बी७वरचे प्यादे शाबूत असेल, राजा त्याला चिकटून असेल आणि हत्ती ए६-सी६ अशी येजा करत असेल, तर पांढरा राजा आत शिरूच शकत नाही. तिथे बरोबरी मान्य करणेच योग्य.