एकाच धुराचे दोन लोट

९ जुलै २००८ रोजी इराणने क्षेपणास्त्रांची चाचणी घेतली आणि रिव्होल्यूशनरी गार्ड्सच्या ‘सेपाह न्यूज’ने तिचा फोटो आपल्या संकेतस्थळावर टाकला. वाळवंटातून चार क्षेपणास्त्रं एकदम झेपावताहेत आणि त्यांच्याखाली धुळीचे लोट उसळलेत. एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने तो फोटो तिथून घेऊन जगभर पाठवला. लॉस एंजेलिस टाइम्स, शिकागो ट्रिब्यून, फायनान्शियल टाइम्स अशा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर तो झळकला. दुसऱ्याच दिवशी असोसिएटेड प्रेसने त्याच चाचणीचा, जवळजवळ त्याच क्षणाचा दुसरा फोटो दिला. त्यात उडालेली क्षेपणास्त्रं तीनच होती. चौथं जमिनीवरच, आपल्या गाडीवर आडलेलं होतं. बहुधा ते सुटलंच नसावं. एएफपीला आपला फोटो मागे घ्यावा लागला.

चार क्षेपणास्त्रांच्या फोटोत उजवीकडून दुसरं जे आहे, ते भर घातलेलं. त्याच्या पायथ्याशी उसळलेली धूळ आणि शेजारच्या लोटातली धूळ यांच्या कडा जुळतात. त्याच्या मागे सुटलेला धूर मात्र वेगळ्याच क्षेपणास्त्राच्या धुराशी जुळतो. म्हणजे खालचं एकाकडून घेतलं आणि वरचं दुसऱ्याकडून. खऱ्या धुराला असं जमत नाही. वारा, उष्णता, जमिनीतली माती यांच्या धुमश्चक्रीत लोटाला जो आकार येतो, तो शेजारच्या लोटाला पुन्हा जसाच्या तसा येण्याची शक्यता धरायचं कारण नाही.

फोटोत काही लपवायचं असेल तर त्यावर काहीतरी टाकावं लागतं. ते दुसऱ्या फोटोतून आणलं तर ऊन वेगळं पडतं, रंग जुळत नाहीत, दाणा वेगळा दिसतो. त्याच फोटोतलं उचललं की हे सगळं आपसूक जुळतं. म्हणून आकाशाचा, गवताचा, गर्दीचा किंवा धुराचा तुकडा उचलून शेजारी चिकटवणं ही फेरफार करणाऱ्यांची आवडती युक्ती आहे. या क्षेत्रातले लोक तिला ‘कॉपी-मूव्ह’ म्हणतात. तिचा फायदा हीच तिची दुखरी नस: चोरलेला माल आणि मूळ माल दोन्ही एकाच चौकटीत पडून असतात.

फोटोशॉपमधलं क्लोन स्टॅम्प कसं चालतं ते बघितलं की पुढची सगळी गोष्ट सोपी होते. Alt दाबून आधी एका जागी क्लिक करायचं, ती झाली उचलण्याची जागा. मग दुसरीकडे ब्रश फिरवायचा. ब्रश जसा सरकेल तशी उचलण्याची जागाही त्याच्याबरोबर सरकते आणि दोहोंमधलं अंतर व दिशा कायम राहते. Aligned वर खूण असेल तर मधे ब्रश उचलून पुन्हा टेकवला तरी ते अंतर बदलत नाही. रंगवणाऱ्याला वाटतं आपण हाताने, मोकळेपणाने रंगवतोय. प्रत्यक्षात रंगवलेला प्रत्येक बिंदू आपल्या मुळापासून तेवढ्याच अंतरावर, त्याच दिशेला असतो. फेरफार पकडणारा नेमकं हे ठरलेलं अंतर शोधतो.

शोधण्याची जी रीत आजही पाया मानली जाते, ती २००३ साली जेसिका फ्रिडरिख, डेव्हिड सौकल आणि यान लुकाश यांनी अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन इथून मांडली. कल्पना अशी: फोटोवर १६ पिक्सेल बाजूचा एक चौकोन ठेवायचा, त्यात काय आहे ते नोंदवायचं, चौकोन एकच पिक्सेल पुढे सरकवायचा, पुन्हा नोंदवायचं. सगळा फोटो असा विंचरून काढायचा. १००० बाय ७५० पिक्सेलचा, म्हणजे तसा लहानच फोटो घेतला तरी चौकोन भरतात ९८५ गुणिले ७३५, म्हणजे ७,२३,९७५. यातला प्रत्येक चौकोन उरलेल्या प्रत्येकाशी ताडून बघायचा म्हटलं तर तुलना होतात सुमारे २६ हजार कोटी.

तेवढं करायची गरज पडत नाही. मतदारयादीत एकच माणूस दोनदा आलाय का हे बघायला कुणी प्रत्येक नाव प्रत्येक नावाशी ताडत नाही. यादी अकारविल्हे लावली की दुबार नावं आपोआप एकाखाली एक येतात. चौकोनांच्या नोंदींचंही तसंच. त्या क्रमाने लावायच्या आणि फक्त लगतच्या नोंदी बघायच्या. क्रम लावायला दीडएक कोटी तुलना पुरतात, आणि संगणकाला तेवढं काम क्षणाचं आहे.

नोंद मात्र पिक्सेलच्या नेमक्या किमतींची करून चालत नाही, कारण मधे जेपीईजी येतं. फोटो जेपीईजीत साठवताना त्याचे ८ बाय ८ पिक्सेलचे कप्पे पाडले जातात आणि प्रत्येक कप्प्यातला बारीक तपशील थोडा थोडा टाकून दिला जातो. उचललेला तुकडा आणि मूळ जागा त्या कप्प्यांवर वेगवेगळ्या तऱ्हेने बसल्या, तर दोघांतून टाकला जाणारा तपशीलही वेगळा. डोळ्यांना जुळे दिसणारे तुकडे आकड्यांत मग किंचित भिन्न होतात. म्हणून प्रत्येक चौकोनाचा ढोबळ गोषवारा घ्यायचा: उजेड-अंधाराचे मोठे चढउतार ठेवायचे, बारीक कुरकुर सोडून द्यायची. त्यासाठीचं गणित खुद्द जेपीईजीच वापरतं तेच आहे. गोषवारा किती ढोबळ ठेवायचा हा तपासणाऱ्याचा निर्णय. फार बारीक ठेवला तर खरे जुळे सुटतात आणि फार ढोबळ ठेवला तर सगळं आकाश एकमेकांचं जुळं निघतं.

आकाशाचा हा त्रास खरा आहे. कोऱ्या आकाशात, पांढऱ्या भिंतीवर, शांत पाण्यावर सारखे चौकोन हजारोंनी सापडतात. इथे ते ठरलेलं अंतर कामाला येतं. समजा, धुळीचा ६० बाय ४० पिक्सेलचा तुकडा उचलून १५० पिक्सेल डावीकडे आणि १० पिक्सेल खाली चिकटवलाय. १६ बाजूचा चौकोन त्या तुकड्यात पूर्णपणे मावेल अशा जागा ४५ गुणिले २५, म्हणजे ११२५. त्या सगळ्यांचे जोडीदार एकाच अंतरावर, एकाच दिशेला सापडणार: १५० डावीकडे, १० खाली. आकाशातल्या फसव्या जोड्यांचं तसं होत नाही. एक जोडी ३ पिक्सेलवर, दुसरी ४०० वर, तिसरी भलत्याच दिशेला. अगदी जवळच्या जोड्या आधीच बाद करायच्या, उरलेल्यांची अंतरं मोजायची आणि एकाच अंतराचा ढीग कुठे साचलाय ते बघायचं. इराणच्या फोटोसारख्या जोडकामात तर असे दोन ढीग अपेक्षित असतात, एक धुळीचा आणि दुसरा धुराचा, कारण माल दोन ठिकाणांहून आणलेला. त्या जोड्या फोटोवर रंगवल्या की डागांचे दोन संच दिसतात आणि फेरफाराचा अख्खा नकाशा समोर येतो.

ही रीत हुकते ती मुख्यतः तुकडा फिरवला किंवा लहानमोठा केला तर. तिरका केलेला चौकोन आपल्या मुळाशी जुळत नाही. अशा वेळी चौकोन सोडून ठळक खुणांकडे वळतात: खिडकीचा कोपरा, फांदीचा फाटा, ढगाची टोकदार कड. डेव्हिड लोवे यांची सिफ्ट ही रीत अशा प्रत्येक खुणेचं असं वर्णन करते, की ती फिरवली वा लहान केली तरी ओळखू यावी. इटलीतल्या फ्लॉरेन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली तिच्यावर आधारलेली तपासणी मांडली; तुकडा किती अंशांनी फिरवला आणि कितीपट केला याचाही अंदाज तिच्यातून काढता येतो. पण तिची अडचण उलटी आहे. माणूस पुसण्यासाठी नुसती वाळू किंवा निरभ्र आकाश थापलं असेल तर तिथे खुणाच नसतात. म्हणून जाणकार दोन्ही चाळण्या लावतात.

घरबसल्या करून बघायचं असेल तर ‘Forensically’ नावाचं एक मोफत साधन ब्राउझरमध्ये चालतं. त्यात Clone Detection निवडलं की जुळलेल्या जागा रेषांनी जोडून दिसतात. Minimal Similarity आणि Minimal Detail या दोन पट्ट्यांशी बराच वेळ खेळावं लागतं. दुसरी पट्टी कोऱ्या जागा वगळण्यासाठी आहे. ती कमी ठेवली की भिंत न् भिंत गुन्हेगार ठरते. नवख्याने आधी आपणच काढलेला, हात न लावलेला फोटो घालून बघावा, म्हणजे निरपराध फोटोतही किती रेषा उमटतात ते कळेल.

कारण जगात खऱ्या जुळ्या वस्तू पुष्कळ आहेत. सोसायटीच्या इमारतीच्या खिडक्या, फरशीवरच्या लाद्या, पाटीवरची तीच तीच अक्षरं. यंत्र या सगळ्यांवर बोट ठेवणार. खऱ्या जुळ्यांत आणि नकलेत फरक करायचा तो मोठं करून बघताना. कॅमेऱ्याच्या सेन्सरमधून प्रत्येक पिक्सेलला थोडी थोडी आकस्मिक चूक चिकटलेली असते, तिलाच नॉइज म्हणतात. दोन खिडक्या एकाच साच्यातल्या असल्या तरी त्यांच्यावरचा नॉइज वेगळा असतो. नकलेत खिडकीबरोबर तिचा नॉइजही उचलला जातो. एका खिडकीतून दुसरी वजा केली तर खऱ्या खिडक्यांत करकरीत दाणे उरतात, नकलेत जवळजवळ काळा चौकोन. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत हा पुरावा बहुतेक धुऊन निघालेला असतो, म्हणून तपासणारा आधी मूळ फाइल मागतो.

आणि एवढं करूनही यंत्र सांगतं ते इतकंच, की या दोन जागा एकसारख्या आहेत. मूळ कुठली आणि नक्कल कुठली हे त्या जोडीत लिहिलेलं नसतं. ते नकलेच्या कडेने शोधावं लागतं: ब्रशच्या मऊ कडेमुळे धुरकटलेली रेघ, मधेच तुटलेली सावली, पाय नसलेला खांब. शिवाय झाकण्याचा तुकडा त्याच ठिकाणी काढलेल्या दुसऱ्या फोटोतून आणला असेल तर चौकटीत त्याचं जुळं नाहीच. चौकोन कितीही सरकवले तरी ढीग साचत नाही आणि तपासणी कोरी येते. तिथे सावल्यांची दिशा आणि नॉइजचा पोत, असं दुसऱ्याच टोकाने जावं लागतं.