दोन ‘नाहीं’चा घोळ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. निफाड तालुक्यातून रोज एस.टी.ने नाशिकला येतो. गेल्या वर्षी गाडी चुकली म्हणून सरांना अर्ज लिहिला : ‘अन्टिल द बस डज नॉट कम, आय कॅनॉट रीच कॉलेज.’ अर्ज परत आला तो ‘नॉट’खाली तांबडी रेघ घेऊन. मला चूक दिसेना. मराठीत आपण ‘जोपर्यंत गाडी येत नाही, तोपर्यंत मी पोचू शकत नाही’ असेच तर म्हणतो!

पुढे उलगडा झाला. ‘जोपर्यंत’ हा शब्द कालखंड दाखवतो. गाडी न येण्याचा सगळा वेळ त्यात येतो, म्हणून तिथे ‘नाही’ हवेच. ‘अन्टिल’ मात्र त्या वेळेचा शेवट दाखवतो, आणि शेवट होतो गाडी येण्याने. म्हणून ‘अन्टिल द बस कम्स’. गंमत अशी की मराठीतही ‘गाडी येईपर्यंत’ म्हटले की ‘नाही’ आपोआप गळते. आता मी आधी मनात ‘येईपर्यंत’ करून घेतो आणि मगच इंग्रजी लिहितो. ‘नॉट’ ठेवायचेच असेल तर ‘अन्टिल’ऐवजी ‘ॲज लाँग ॲज’ घ्यावे.

दुसरी खोड ‘आय डिड नॉट सी नोबडी’ ही. ‘मला कोणीच दिसले नाही’ यात आपल्याला दोन नकार वाटतात, पण ‘कोणी’त नकार नाहीच; ‘कोणी आहे का घरात?’ असे आपण विचारतोच की. नकार एकट्या ‘नाही’त आहे. आपण ‘नोबडी म्हणजे कोणीच’ असे पाठ करतो आणि फसतो. ‘नोबडी’च्या पोटात ‘नाही’ आधीच बसलेले असते. तेव्हा ‘नॉट’बरोबर ‘एनिबडी’ घ्यावे, नाहीतर ‘आय सॉ नोबडी’ म्हणावे.

इंग्रजीला दोन नकारांचे वावडे जन्मजात नाही, हेही सांगितले पाहिजे. चौदाव्या शतकातल्या चॉसरने एका वाक्यात अनेक नकार घातले आहेत, आणि ते नकारालाच बळ देतात. पुढे लेखनातून ही रीत मागे पडत गेली. अठराव्या शतकात बिशप रॉबर्ट लाउथ यांच्यासारख्या व्याकरणकारांनी दोन नकार एकमेकांना खोडतात असा नियम मांडला. त्यांचे व्याकरण प्रथम १७६२ साली निघाले. बोलीत मात्र ती रीत आजही जिवंत आहे, आणि ऐकणारा त्याचा अर्थ होकार असा मुळीच घेत नाही. म्हणजे हा प्रश्न तर्काचा कमी आणि शिष्टसंमत लेखनाचा जास्त. पण परीक्षेत गुण शिष्टसंमत लेखनालाच मिळतात!

नकाराने नकार खोडणे आपल्यालाही ठाऊक आहे. ‘तो अभ्यास करीत नाही असे नाही’ म्हणजे करतो, थोडाफार. पण आई जेव्हा म्हणते, ‘तू येत नाहीस तोवर मी जेवत नाही,’ तेव्हा तिच्या दोन्ही ‘नाही’ आपापल्या जागी खऱ्या असतात. इंग्रजीत नेताना पहिली गाळावी लागते, दुसरी राहते.