थंडीतलं अस्वल आणि न झिजणारे स्नायू

पाय मोडून प्लास्टरमध्ये गेला, की महिन्या-दीड महिन्यात पोटरी बारीक झालेली उघड दिसते. स्नायूला काम नसलं की शरीर तो मोडून खायला लागतं. आपल्याकडचे चांगल्या प्रकृतीचे लोकही अंथरुणाला खिळले की हीच गत होते. उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल मात्र हिवाळ्याचे पाच ते सात महिने अन्न-पाण्याशिवाय गुहेत पडून राहतं आणि वसंतात स्वतःच्या पायांनी चालत बाहेर येतं. (मेळघाट-ताडोबातली आपली अस्वलं अशी झोपत नाहीत, त्यांना तेवढी थंडीही नाही आणि अन्नाची तशी टंचाईही नाही.)

या झोपेचा सगळ्यात बारकाईने घेतलेला मागोवा अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स इथल्या ओइविंड टोइएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. वस्तीजवळ येऊन त्रास देणारी म्हणून पकडलेली काही काळी अस्वलं त्यांनी जंगलातल्या कृत्रिम गुहांत ठेवली. शरीरात तापमान आणि हृदयाचे ठोके टिपणारी यंत्रं बसवली आणि गुहेतल्या हवेवरून किती प्राणवायू वापरला जातो ते मोजलं. 2011 साली त्यांचे निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये आले.

जागेपणी मिनिटाला साधारण 55 वेळा पडणारा ठोका हिवाळ्यात 14च्या आसपास उतरला. पण तो सारख्या अंतराने पडत नव्हता. अस्वल मिनिटाला एक-दोनदाच श्वास घेत होतं. श्वास आत घेताना हृदय भराभर काही ठोके देई, मग पुढचा श्वास येईपर्यंत जवळजवळ थांबे. कधी कधी दोन ठोक्यांमध्ये वीस सेकंदांचं अंतर पडे. माणसाच्या छातीत असं झालं तर आपण धावत डॉक्टर गाठू. इथे मात्र ज्या क्षणी फुप्फुसात ताजी हवा येते त्याच क्षणी रक्त तिथून फिरवायचं, एरवी उगाच ताकद खर्चायची नाही, असा हा हिशेब दिसतो.

शरीराचा एकूण खर्च नेहमीच्या विश्रांतीतल्या खर्चाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यावर आला. नवल म्हणजे तापमान फार उतरलं नव्हतं. हिवाळी झोप घेणाऱ्या लहान खारी गोठणबिंदूपर्यंत थंड होतात. अस्वल मात्र 30 ते 36 अंशांच्या दरम्यानच राहतं. मोठा देह आणि जाड केसाळ कातडी यामुळे उष्णता टिकते. तापमान 30च्या जवळ घसरलं की स्नायू थरथरू लागतात, ते पुन्हा वर जातं, आणि काही दिवसांचं हे चक्र हिवाळाभर चालतं. त्या थरथरीमुळे स्नायूंना थोडा व्यायाम मिळत असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. माझ्या मते खरं रहस्य मात्र लघवीत आहे.

उपाशी शरीर प्रथिनं मोडतं, तेव्हा त्यांतला नायट्रोजन युरिया बनून लघवीवाटे जातो. तो गमावला की स्नायू पुन्हा बांधायला कच्चा माल उरत नाही. अस्वल थंडीभर लघवी करतच नाही. मूत्राशयात जमलेलं पाणी आणि युरिया रक्तात परत शोषले जातात. युरिया आतड्यातल्या जिवाणूंपाशी पोचतो, ते त्याचा अमोनिया करतात, आणि चरबी वितळताना सुटणारं ग्लिसरॉल हाताशी घेऊन शरीर त्या नायट्रोजनपासून पुन्हा अमिनो आम्लं तयार करतं. मेयो क्लिनिकच्या राल्फ नेल्सन यांनी 1970च्या दशकात हे उलगडायला सुरुवात केली. इंधनाचं काम चरबी करते, त्यामुळे स्नायू मोडून जाळायची वेळ फारशी येत नाही. पुढे स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा हिवाळ्यात प्रथिनांचं बनणं आणि मोडणं दोन्ही मंदावलेलं, पण एकमेकांच्या तोलात आढळलं.

ताकद मात्र अगदीच शाबूत राहते असं नाही. वायोमिंग विद्यापीठाचे हेन्री हार्लो आणि सहकाऱ्यांनी जंगली अस्वलांच्या गुहेतच जाऊन, त्यांना गुंगी देऊन, पायाच्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका दिला आणि स्नायू किती जोर लावतो ते मोजलं. त्याच अस्वलांची ही मोजणी हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी केली. 130 दिवसांत सुमारे 23 टक्के ताकद घटली होती. माणूस तितका काळ निश्चल राहिला तर त्याची 90 टक्के घटेल, असा त्यांचा अंदाज होता. हे ‘नेचर’मध्ये 2001 साली छापून आलं.

जपानच्या हिरोशिमा विद्यापीठातल्या मित्सुनोरी मियाझाकी यांच्या गटाने 2022 मध्ये आणखी एक दुवा दाखवला. माणसाच्या स्नायूपेशी काचपात्रात वाढवून त्यांत झोपलेल्या अस्वलाच्या रक्ताचा द्रव मिसळला, तेव्हा पेशींतलं प्रथिन वाढलं आणि ते मोडणारी यंत्रणा मंदावली. उन्हाळ्यातल्या अस्वलाच्या रक्ताने तसं झालं नाही. म्हणजे रक्तात हिवाळ्यात काहीतरी वेगळं येतं. ते द्रव्य नेमकं कोणतं, हे त्या प्रयोगातून हाती आलेलं नाही. खाटेवरच्या रुग्णासाठी औषध करायचं तर आधी तेच वेगळं काढावं लागेल.