लॅपटॉपच्या पडद्यावर फिका दिसणारा शालू

लग्नाचे फोटो काढणाऱ्याने लॅपटॉप घेताना आधी पडद्याचा रंगविस्तार पाहावा. अनेक स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात '45% NTSC' असे लिहिलेले असते. असा पडदा sRGB या नेहमीच्या रंगपट्ट्यातले साधारण दोन तृतीयांशच रंग दाखवतो. त्यावर लाल शालू फिका दिसतो, म्हणून आपण लाल रंग वाढवत नेतो आणि अल्बम छापून येतो तेव्हा तो भडक झालेला असतो. ही चूक संपादन करताना कळतच नाही. म्हणून '100% sRGB' ही किमान अट धरा. पडदा कॅलिब्रेटही करून घ्या.

मेमरीचा हिशेब सोपा आहे. ४५ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की एकेक लेयर सुमारे २७० एमबी जागा घेतो. दहा लेयर झाले की ८ जीबीचा लॅपटॉप अडखळू लागतो. ३२ जीबी घ्यावी, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

कार्ड रीडरसाठी मात्र लॅपटॉप नाकारू नका. बाहेरून जोडायचा यूएचएस-२ रीडर वेगळा मिळतो.